अनुभव धागा: मुलांचा नेफ्रॉटिक सिंड्रोम – सकाळची सूज, लघवीची पट्टी आणि पुन्हा उलटलं तर

कोरांटी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका चिमुरड्याचा फोटो आला, सकाळी दोन्ही पापण्या टम्म. खाली सगळ्यांची उत्तरं: धुळीची ॲलर्जी, डोळे आलेत, थेंब घाला. जुनं सगळं आठवलं, म्हणून धागा काढते.

ॲलर्जीत बहुधा खाज, लाली, शिंका असतात. इथे डोळे पांढरे स्वच्छ आणि सूज फक्त सकाळी. दुपारपर्यंत चेहरा उतरतो, संध्याकाळी मोज्यांचे वळ घोट्यावर खोल उमटतात. रात्रभर आडवं असताना पाणी चेहऱ्यावर जमतं, उभं राहिलं की पायात उतरतं. नेफ्रॉटिकमध्ये मूत्रपिंडातून प्रोटीन गळतं, म्हणून लघवीला फेस येतो. अशा वेळी आधी लघवीतलं प्रोटीन तपासायचं, थेंब नंतर. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी कृपया लिहा. विशेषतः घरी लघवी कशी बघता आणि पुन्हा उलटल्यावर काय करता.

नदीकाठ
चड्डीचं इलॅस्टिक घट्ट होणं हीसुद्धा खूण आहे. वजन बघा, सूज डोळ्याला दिसायच्या आधी काटा सांगतो.

बाबा_२
लघवीतून प्रोटीन जातं, म्हणजे ते भरून काढायला अंडी, पनीर, डाळ दुप्पट करायची. आणि मीठ पूर्ण बंद.

खडीसाखर
बाबा_२, मिठाचं अर्धं बरोबर. सूज असेपर्यंत वरून मीठ, पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स बंद. अगदी अळणी जेवण दिलं तर मूल जेवतच नाही, ते नको. पण प्रोटीन दुप्पट करून काही भरून निघत नाही, गळती मूत्रपिंडाच्या गाळणीत आहे, ताटात नाही. वयाला लागतं तेवढंच द्या. यावर स्टेरॉइड देतात, त्याने भूक खवळते, तेव्हा जास्तीचं खाणं वजनावर जातं.

आता पट्टीबद्दल. सकाळची पहिलीच लघवी घ्यायची, दिवसभर खेळल्यानंतरची नको. पट्टी बुडवून लगेच बाहेर, कडेला टेकवून जास्तीची लघवी निथळू द्यायची आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच रंग जुळवायचा, बहुतेकांत ६० सेकंद. पाच मिनिटांनी बघितलं तर रंग गडद होतो आणि घरात उगाच घबराट.

मुक्ता_क
पावसाळ्यात कोकणात पट्ट्या टिकत नाहीत 😔 झाकण जरा सैल राहिलं की पिवळा चौकोन कोरडा असतानाच हिरवट दिसतो.

खडीसाखर
मग ती बाटली टाकून द्या. बाथरूममध्ये ठेवू नका, फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. आतली ओलावा शोषणारी पुडी काढायची नाही.

लॅबमधला
पट्टी नसेल तर जुनी उकळायची पद्धत चालते. परीक्षानळी दोन तृतीयांश भरा, चिमट्याने तिरकी धरा आणि फक्त वरचा भाग तापवा. खालचा भाग तुलनेला थंडच राहू द्या. नळीचं तोंड मुलापासून आणि स्वतःपासून लांब. वर गढूळपणा आला तर व्हिनेगरचे २-३ थेंब टाका. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट होतं, राहिला किंवा वाढला तर प्रोटीन. मागे छापील कागद धरा. अक्षरं वाचता आली तर पट्टीवरच्या १ प्लसच्या आसपास, दाट पांढरं होऊन गोळे दिसले तर ३-४ प्लस. व्हिनेगर न टाकताच निकाल लावणारे बरेच असतात, तिथेच चुकतं.

शेवंती७
व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का?

लॅबमधला
नको. लिंबाचा रस स्वतःच गढूळ असतो. साधं पांढरं व्हिनेगर आणा, एक बाटली वर्ष जाते.

शेवंती७
ओके. उरलेलं मिरच्यांना 👍

डोंगरवाट
माझ्या सासूबाईंचेही पाय सुजतात, वय ७१, बीपीची गोळी चालू आहे. त्यांनाही हीच पट्टी लावू का?

नदीकाठ
डोंगरवाट, त्यांची कारणं वेगळी असतात, बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, हा धागा मुलांचा आहे. काळजी घ्या त्यांची.

बाबा_२
२ प्लस दिसलं की त्याच दिवशी स्टेरॉइडची गोळी सुरू करायची ना?

खडीसाखर
नाही! ताप-सर्दीत दोन दिवस प्रोटीन वाढून आपोआप उतरतं. सलग तीन सकाळी ३ किंवा ४ प्लस आलं तरच ते उलटलं असं धरतात. सूज आली असेल तर मात्र तीन दिवस मोजत बसू नका, लगेच फोन करा.

उदाहरण घेऊ. मुलाचं सूज नसतानाचं वजन १५ किलो. सोमवारी पट्टीवर नुसती छटा, मंगळवारी सर्दी आणि १ प्लस, बुध-गुरु-शुक्र तिन्ही दिवस ३ प्लस, काट्यावर १५.६. डोस सुजलेल्या वजनावर नाही, १५ वर धरायचा. किलोला २ मिग्रॅ म्हणजे रोज ३० मिग्रॅ प्रेडनिसोलोन, सकाळी खाल्ल्यावर. वरची मर्यादा ६०. समजा नवव्या दिवशी छटा, दहाव्या-अकराव्याला निरंक. सलग तीन दिवस निरंक किंवा छटा झाली की किलोला दीड, म्हणजे २२.५ मिग्रॅ एक दिवसाआड, चार आठवडे: २० ची एक आणि ५ ची अर्धी. मग बंद. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर हे चालत नाही, तेव्हा रोज सहा आठवडे आणि दिवसाआड सहा आठवडे असतं. दोन आठवडे रोजचा डोस देऊनही पट्टी हलली नाही तर डॉक्टरांना कळवायचं, घरी डोस वाढवायचा नाही. सुरू करणं, बंद करणं दोन्ही त्यांना विचारूनच.

लॅबमधला
यात सिरपचा घोटाळा लिहा कुणीतरी. ५ मिलीत ५ मिग्रॅ आणि ५ मिलीत १५ मिग्रॅ अशा दोन्ही बाटल्या दुकानात असतात. ३० मिग्रॅला १५ वालं सिरप १० मिली लागतं. दुकानदाराने ५ वालं दिलं आणि आईने तेच १० मिली पाजलं तर मुलाला १० मिग्रॅच मिळतात. मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून पुढच्या तपासण्या सुरू. फोनवर मिली सांगू नका, मिग्रॅ सांगा आणि बाटलीचा फोटो पाठवा.

मुक्ता_क
दिवसाआडच्या गोळीला 'विषम तारीख' धरू नका. ३१ नंतर १ येते, दोन दिवस सलग जाते. कॅलेंडरवर टिक करा.

कोरांटी
हे कुणीच सांगत नाही, धन्यवाद मुक्ता.

दिवसाआड डोस चालू असताना सर्दी झाली तर ५-७ दिवस तोच डोस रोज द्या असं आम्हाला सांगितलंय. सगळीकडे असंच का?

खडीसाखर
यावर एकमत नाही. भारतात वारंवार उलटणाऱ्या मुलांना असं देतात. ब्रिटनमध्ये याची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, सर्दीत सहा दिवस रोज देऊन उलटणं कमी झालं नाही. त्यामुळे काही डॉक्टर आता देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा, आमच्या मुलाला का.

नदीकाठ
देणारेही आहेत, आणि त्यांना फरक दिसतो म्हणतात.

बाबा_२
वारंवार उलटलं तर आयुष्यभर स्टेरॉइड?

खडीसाखर
तसं नाही. दिवसाआड कमी डोसवर ठेवतात, नाहीतर लेव्हामिझोलसारखं दुसरं औषध जोडून स्टेरॉइड खाली आणतात. उंची, बीपी आणि डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करून घ्या.

आणि हे वेगळं लिहून ठेवा. पोट दुखून ताप आला, लघवी खूप कमी झाली, एकच पाय सुजून दुखू लागला, तर रात्र असली तरी दवाखाना. वर्गात कांजिण्या निघाल्या तर आपल्या मुलाला पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन. आणि वर्षभरात बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं मूल ऑपरेशनला किंवा मोठ्या आजारात भरती झालं तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा, त्यांना जास्तीचा डोस द्यावा लागू शकतो.

शेवंती७
शाळेच्या डायरीत लिहून ठेवते. गोवर-एमएमआरची लस राहिलीय आमची, ती आत्ता घेतली तर?

खडीसाखर
रोजचा मोठा डोस चालू असताना जिवंत लस नको, बंद झाल्यावर किती थांबायचं ते डॉक्टर सांगतील. न्यूमोकोकसची मात्र राहिली असेल तर विचारून घ्या.

शेवंती७
उद्याच फोन करते. कोरांटी, त्या फोटोतल्या बाळाची लघवी तपासली का?

कोरांटी
आईला मेसेज केलाय, अजून निळी टिक नाही. संध्याकाळी खाली जाऊन भेटते.