केवायसी राहून गेलं आणि खातं अडकलं: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती: 2024 च्या दिवाळीआधी आईचं बचत खातं अडकलं. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला, पण एटीएममधून पैसे निघेनात. पाच तारखेचा विम्याचा हप्ता परत गेला, वर दंड लागला. शाखेत कळलं की केवायसीची मुदत टळली होती, म्हणून पैसे जमा होत होते, पण काढता येत नव्हते. पत्ता तोच, फोन तोच, मग पुन्हा ओळख कशाला? तुमच्याकडे काय झालं?

निवृत्त बँकवाला: मी 31 वर्षं काउंटरला होतो. 2002 च्या मनी लाँडरिंग कायद्यामुळे खातं कोणाचं आहे आणि त्यातले व्यवहार त्या माणसाला शोभतात का, हे बँकेला पाहत राहावं लागतं. दहा वर्षांत माणसाचा पत्ता, काम, उत्पन्न सगळं बदलतं आणि आमच्याकडचा कागद जुनाच राहतो. जोखीम जास्त असेल तर दोन वर्षांनी, मध्यम असेल तर आठ आणि कमी असेल तर दहा वर्षांनी माहिती ताजी करावी लागते. पेन्शनर बहुधा शेवटच्या गटात येतात.

तुमच्या आईंचं काहीच बदललं नव्हतं, तर 'बदल नाही' एवढं स्वघोषणापत्र पुरलं असतं. ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलनं किंवा पत्रानंही देता येतं. पुष्कळ शाखा तरीही सगळ्या झेरॉक्स मागतात, याचं मला वाईट वाटतं.

नाशिककर: मी दर महिन्याला एटीएम वापरतो. खातं चालू असलं की केवायसी लागत नाही.

निवृत्त बँकवाला: नाही हो. दोन वर्षं खातेदारानं स्वतः व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. केवायसीची मुदत वेगळी असते आणि ती रोज वापरातल्या खात्यालाही लागू होते. तुमचं एटीएम फक्त पहिल्यातून वाचवतं.

पुण्याची मावशी: मला तर 'केवायसी करा, नाहीतर आज रात्री खातं बंद' असा मेसेज आला, सोबत एक अ‍ॅपची फाइल. भाच्यानं उघडू दिली नाही. असेच फसवतात ना?

धागाकर्ती: मावशी, ते फसवेच होते. फाइल उघडली असती आणि पैसे गेले असते, तर लगेच 1930 ला फोन करायचा.

कोल्हापूरचा बाबा: लेक 18 ची झाली आणि तिचं लहानपणी उघडलेलं खातं थांबलं. नवा फोटो, नवी सही, तिची स्वतःची कागदपत्रं द्यावी लागली. कॉलेजची फी मात्र माझ्या खात्यातून भरली.

निवृत्त बँकवाला: जून 2025 मध्ये आलेल्या नियमानुसार मुदतीआधी तीन सूचना आणि नंतर तीन स्मरणपत्रं देणं बँकेला बंधनकारक आहे. दोन्ही वेळा त्यातलं किमान एक टपालानं.

धागाकर्ती: आमच्या घरी तेव्हा एकही पत्र आलं नव्हतं. खातं दोन दिवसांत सुरू झालं. हप्त्याचा दंड मात्र अजून परत मिळालेला नाही. असा दंड कुणाला परत मिळाला आहे का?