'अनौरस' शब्दावर लाल रेघ

पानगळ: वाटपाच्या दाव्यातल्या निकालाचा अनुवाद करतेय. वडिलांची पहिली बायको हयात, घटस्फोट नाही, तरी १९९१ साली देवळात दुसरं लग्न. त्या लग्नाची मुलगी वाटा मागतेय. मी 'अनौरस मुलगी' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली. मग काय लिहू?

गोदाकाठ: औरस हा 'उरस्'वरून, म्हणजे स्वतःच्या काळजाचा. दत्तकाच्या विरुद्ध. मग ही मुलगी औरसच की!

जुना दप्तरी: मनुस्मृतीतला औरस विवाहित पत्नीच्याच पोटचा, त्यामुळे व्युत्पत्ती इथे कामाची नाही. रेघ बरोबर आहे ती कलम १६ मुळे. हिंदू विवाह कायदा म्हणतो, लग्न शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी मुळातच नसल्यासारखं असलं, तरी संतती औरस. मात्र लग्न लागलेलं हवं. नुसतं ठेवलेलं असेल तर हे कलम लागत नाही. 'अनौरस' लिहिलं की हा फरकच पुसला जातो.

सरळवाट: औरस म्हणा हो, पण वडिलोपार्जितात तिला काही नाही. फक्त स्वकष्टार्जितात.

जुना दप्तरी: २०१० च्या निकालापर्यंत तसंच होतं. १ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ते बदललं. समजा वडिलोपार्जित नऊ एकर आहे. वडील वारले, मागे पहिली बायको, तिचा मुलगा आणि ही मुलगी. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. आपल्याकडे बायकोलाही वाटा मिळतो, म्हणून वडील, बायको, मुलगा प्रत्येकी तीन एकर. मग वडिलांच्या तीन एकरांचे तीन वारस, एकेक एकर. मुलीला एक एकर, त्या दोघांना चार-चार. ती सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जितात जन्मापासूनची हिस्सेदार नाही, म्हणून वडील हयात असताना वाटणी मागू शकत नाही. तिच्या आईला विधवा म्हणून काहीच नाही.

कृष्णाकाठची: माझ्या आत्याचा पाट लागला होता. तिच्या मुलाला गावात 'पाटाचा' म्हणत. फेरफारावर नाव लागताना तलाठ्यासमोर भावकीने तोच शब्द मोठ्यांदा उच्चारला. तो पोर तिथेच उभा होता, अकरा वर्षांचा.

जुना दप्तरी: ताई, आत्याचा पहिला नवरा वारला होता आणि दुसऱ्याची बायको हयात नव्हती, तर ते लग्न वैधच. ती गोष्ट वेगळी.

कृष्णाकाठची: कायद्यात वेगळी असेल. पोराला ऐकू आलं ते तेच.

पानगळ: मग 'रद्दबातल विवाहातील मुलगी' लिहू?

गोदाकाठ: छे! रद्द व्हायला आधी काहीतरी असावं लागतं. 'शून्य'च लिहा.

सरळवाट: 'शून्य विवाह' कुठल्या खेड्यात कुणाला कळेल? 'बेकायदा लग्न' लिहा.

जुना दप्तरी: बेकायदा तर वय कमी असतानाचं लग्नही, पण ते त्या कायद्याने शून्य ठरत नाही. 'शून्य'ला पर्याय दिसत नाही.

कृष्णाकाठची: मुलीचं नाव आहे ना निकालात? ते लिहा. पुढे 'वादी' लिहा.