मदत हवी आहे: बीपीच्या दोन मशीनचा ब्लँड-आल्टमन आलेख तिरका येतोय

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार. मी इंदूरला एमएस्सी नर्सिंग करतेय. एका आरोग्य शिबिरात ६० जणांचं वरचं बीपी आधी पाऱ्याच्या मशीनने आणि लगेच दंडावरच्या डिजिटल मशीनने घेतलं. पाऱ्याच्या जागी डिजिटल चालेल का, हे मला सांगायचंय. कोरिलेशन ०.९६ आलं, पण गाईड मॅडम म्हणाल्या की तेवढ्यावर भागणार नाही, ब्लँड-आल्टमन काढ. उभ्या अक्षावर डिजिटल वजा पारा घेतलं. सरासरी फरक −१, एसडी ९, म्हणून सीमा साधारण −१९ आणि +१७. तीन ठिपके सोडून सगळे आत आहेत. पण ठिपके डावीकडून उजवीकडे उतरत जातात: ११० च्या आसपास फरक +८ कडे, १७० ला −१० कडे. हे कसं वाचायचं?

निळूभाऊ:
९५ टक्के ठिपके सीमांच्या आत आहेत, सरासरी फरकही जेमतेम १. म्हणजे मशीन जुळतात, बिनधास्त लिहा. आणि आडव्या अक्षावर पाऱ्याचंच रीडिंग घ्या, कारण खरं बीपी तेच.

आकडेमोड:
निळूभाऊ, सीमा त्याच ठिपक्यांच्या एसडीवरून काढलेल्या असतात. मशीन कितीही वाईट असलं तरी साधारण ९५ टक्के ठिपके आतच पडणार. ठिपके आत आहेत का हे विचारून काही कळत नाही. १९ ने कमी किंवा १७ ने जास्त दाखवणारं मशीन रुग्णासाठी चालेल का, हे विचारायचं, आणि ते डॉक्टरांनी आकडेमोडीच्या आधी ठरवायचं असतं. मशीन तपासण्याच्या आयएसओ नियमात सरासरी फरक ५ च्या आत आणि एसडी ८ च्या आत लागते, तीही किमान ८५ जणांवर. तुमची ९ तिथेच अडते.

ताई, आधी एक सांगा: आडव्या अक्षावर काय आहे?

सुदामानगर_इंदूर:
दोन्ही रीडिंगची सरासरी.

आकडेमोड:
छान, तीच ठेवा. नुसता पारा घेतला असता तर एकदा चुकून जास्त आलेलं पाऱ्याचं रीडिंग ठिपक्याला उजवीकडेही नेतं आणि खालीही ओढतं. मग मशीन सारखी असूनही उतार दिसतो. सरासरी घेतली की हा गोंधळ बराचसा टळतो. म्हणून तुमचा उतार मी गंभीरपणे घेतो.

आता −१ कुठून आला ते बघा. सरासरी ११० वर फरक +८ म्हणजे पारा १०६ आणि डिजिटल ११४. सरासरी १७० वर −१० म्हणजे पारा १७५ आणि डिजिटल १६५. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, आणि बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ज्यांचं बीपी खरंच वाढलंय त्यांनाच हे मशीन कमी दाखवतंय, औषध वाढवायचं की नाही हे ठरवताना नेमकं तिथेच.

म्हणून आडव्या सीमा काढू नका. फरकाची सरासरीवर रेषा बसवा. तुमच्या आकड्यांवरून दर १० ला सुमारे ३ ने ती उतरेल. रेषेभोवतीची एसडी वेगळी काढा. ती ६ च्या आसपास आली, तर रेषेच्या वर-खाली १२ अशा तिरक्या सीमा मिळतील: ११० ला −४ ते +२०, १७० ला −२२ ते +२.

मोगरा_बडोदे:
आमच्या बडोद्याच्या घरी सासऱ्यांचं दवाखान्यात पहिलं रीडिंग नेहमी १५० च्या वर येतं, दहा मिनिटं बसले की १३५. मग कुठल्या कंपनीचं मशीन घ्यावं?

आकडेमोड:
मशीन कुठलं घ्यावं हा वेगळा धागा होईल, पण तुमच्या अनुभवाने एक गोष्ट डोक्यात आली. ताई, प्रत्येकाचं पाऱ्याचं रीडिंग आधीच घेतलं होतं ना? मग पहिल्या रीडिंगला घाबरून बीपी चढलं आणि डिजिटलच्या वेळी उतरलं, असं झालं असेल. ज्यांचं बीपी जास्त, त्यांच्यात हे जास्त होऊ शकतं, आणि उजवीकडचा −१० त्यातूनही येऊ शकतो. आयएसओच्या पद्धतीत एकाच हातावर पारा, डिजिटल, परत पारा असं आळीपाळीने घेतात आणि डिजिटलच्या आधीच्या व नंतरच्या पाऱ्याची सरासरी धरतात.

निळूभाऊ:
९५ टक्क्यांचं पटलं. पण बीपी उतरल्यामुळे डावीकडे डिजिटल जास्त कसं दाखवेल?

आकडेमोड:
बरोबर, ते त्यातून सुटत नाही. ताई, कफ एकच वापरला होता का? दंडाच्या मानाने लहान कफ जास्त दाखवतो.

सुदामानगर_इंदूर:
डिजिटलला मशीनसोबत आलेला एकच, मधल्या मापाचा. पाऱ्यालाही तसाच. दंडाचा घेर मोजला नव्हता. डावीकडे बहुतेक सडपातळ मुली होत्या, म्हणजे लहान कफ हे कारण तिथे लागू पडत नाही. तिरक्या सीमा आज काढते. पुढच्या शिबिरात पारा-डिजिटल-पारा घेईन आणि घेरही लिहीन. डावीकडचा +८ आणखी कशाने येऊ शकतो, कुणाला माहीत असेल तर सांगा.