अनुभव धागा: पन्नाशीच्या मित्राची कवितेतून खेचाखेची

कट्ट्यावरचा

मित्राच्या पन्नाशीला त्याची खेचणारी कविता तुमच्यापैकी कोणी केली आहे का? कुठे जमली, कुठे आपटली, तेवढंच लिहा. सुरुवात मी करतो.

आमचा दोस्त जन्मानं कोल्हापूरचा, जून 1975 चा. त्याची दोन वैशिष्ट्यं सगळ्या गल्लीला पाठ आहेत. एक क्रिकेट आणि दुसरं घोरणं. लग्नाच्या वऱ्हाडात याच्या खोलीत झोपायची चिठ्ठी निघाली की माणूस गाडीत जाऊन झोपतो. कविता करायची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी पहिल्याच ओळीत "अर्धशतक" लिहिलं. बायकोनं वाचून विचारलं, "केकवर काय लिहून येणार आहे, माहीत आहे ना?" केकवर तेच होतं. बॅनरवर तेच आणि त्याच्या भाच्याच्या भाषणातही तेच. मी ती ओळ फाडली.

मग शोधता शोधता एक गोष्ट सापडली. जून 1975 मध्येच लॉर्ड्सवर वर्ल्डकपची पहिली मॅच झाली होती. इंग्लंडच्या 334 समोर गावसकर पूर्ण 60 ओव्हर खेळून 36 वर नाबाद राहिले, 174 बॉलमध्ये. आपल्या 3 बाद 132 झाल्या. आता आमचा हा गडी भाजी आणायला गेला तर दोन तासांनी येतो, तेही कोथिंबीर विसरून. म्हणजे हा जन्मला त्याच महिन्याचा गुण घेऊन! तिथून कविता सुटली. मंगलाष्टकाची चाल धरली, कारण ती सगळ्यांना येते आणि शेवटी "सावधान" म्हणायला अख्खा हॉल तयार असतो.

छत्तीसावर ठाम साठ षटके, तैसाच हा संथ रे
भाजी आणत दोन तास फिरतो, आणी न कोथिंबिरे

"कोथिंबिरे" हे काही मराठी नव्हे, मला कळतं. पण हशा तिथंच आला.

पेठेतला

लई भारी भावा! पण एक कळंना. कोल्हापुरात जन्मून क्रिकेटचं वेड? हितं शाहू स्टेडियमवर फुटबॉल असला की पेठंत जेवण करपतं. तुमच्या कवितेत त्याला पयल्यांदा हेच्यावरनं धुवायला पायजे हुता. आमच्यात एक असाच आहे. फुटबॉल सुटला की गर्दीतनं उलटा चालत येतो, कानात कॉमेंट्री.

टाळी द्या

मीही मंगलाष्टक केलं होतं साडूच्या पन्नाशीला. फार सोपं असतं. प्रत्येक ओळीत 19 अक्षरं मोजायची, यमक जुळवायचं, झालं. माझी 19 अगदी बरोबर होती. तरी गाताना दुसऱ्या कडव्यात सगळे अडखळले. गाणारा भाऊजी बेसुरा होता, दुसरं काय?

निवृत्त बाई

भाऊजींना उगाच दोष देऊ नका. अक्षरं 19 हवीत हे खरं, पण ते अर्धंच झालं. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात, आणि त्यात कुठलं अक्षर लघु, कुठलं गुरू हे ठरलेलं असतं. पहिली तीन अक्षरं गुरूच हवीत. तुमचं दुसरं किंवा तिसरं अक्षर लघु पडलं असणार. चाल तिथं ओढते आणि ओढायला जागा नसते.

माझंच उदाहरण देते. आमच्या शेजारच्या साहेबांसाठी मी आधी लिहिलं होतं, "घोरतो रात्रभर हा". कागदावर छान दिसतं. म्हणून बघा. "घो" ठीक आहे, पण "र" ओढावा लागतो, घोरऽऽतो. ऐकणाऱ्याला वाटतं की गाणाऱ्यालाच झोप आली. मग "घोरतो" चं "घोरे" केलं, "रात्रभर" चं "रात्रभरी", आणि सगळं आपोआप बसलं:

घोरे रात्रभरी असा, उठुनिया शेजार जागा बसे
स्वप्नी ओरडतो अपील मधुनी, 'आऊट होता!' असे
पत्नी बोट वरी करून म्हणते, 'हॉलात जा!' अन् हसे
पन्नाशी भरली तरी न दमला, कुर्यात् सदा मंगलम्

बारा अक्षरांनंतर श्वास घ्यायचा. म्हणजे "उठुनिया", "मधुनी", "म्हणते", "दमला" इथं. विनोदाचा घाव त्या श्वासानंतरच्या सात अक्षरांत ठेवावा. "हॉलात जा" जर ओळीच्या पहिल्या भागात आलं असतं, तर लोक हसत बसले असते आणि उरलेली ओळ वाया गेली असती. शेवटचं "कुर्यात् सदा मंगलम्" बरोबर सात अक्षरांचं आहे. ते जसंच्या तसं ठेवलं की आधीच्या बारांत काहीही खोडसाळपणा खपतो.

आणि हो, तपासायला कागद नको. ओटा पुसताना मोठ्यानं गुणगुणा. जीभ जिथं अडखळेल तिथं चूक आहे.

टाळी द्या

बाई, आत्ताच म्हणून बघितलं. "जावई आमचा" अशी सुरुवात होती माझी. तिसरं अक्षर "ई" गुरू आहे, पण दुसरं "व" लघु. भाऊजींची माफी मागावी लागणार.

रात्रपाळी

घोरण्यावर मीही लिहितो, कारण हा माझा विषय आहे. मी पंचवीस वर्षं घोरलो. बायको सुरुवातीला कानात कापूस घालायची, नंतर खोली बदलली. एकदा मुलानं गंमत म्हणून रात्री मोबाइलवर रेकॉर्ड केलं. त्यात घोरणं मध्येच बंद पडायचं, काही सेकंद शांत, मग एकदम घशात अडकल्यासारखा मोठा श्वास. दिवसा मी सिग्नलला गाडीवर पेंगायचो. डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली आणि झोपेत श्वास थांबतो असं निघालं. आता मास्कचं मशीन लावून झोपतो. आवाज गेला, सकाळचं डोकं दुखणं गेलं.

कट्ट्यावरचा

काका, धागा कवितेचा आहे हो. पण थांबा, आमच्या कवितेत एक ओळ होती की हा मध्येच गप्प होतो, जणू पावसानं खेळ थांबला. तिच्यावर सगळ्यांत मोठा हशा पडला होता. आता मला ती वेगळीच ऐकू येतेय.

रात्रपाळी

प्रत्येक घोरणाऱ्याला हे असतं असं नाही. पण गप्प होतो, मग दचकून श्वास घेतो आणि दिवसा पेंगतो, असं तिन्ही असेल तर दाखवा एकदा.

आहेरात साडी

मी घोरणाऱ्याची बायको म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याच्या पन्नाशीला त्याच्या मित्रांनी घोरण्यावर चार कडवी केली. सगळे हसले, तोही हसला. पण त्यांनी कवितेच्या मागे घोरण्याचा खरा आवाज स्पीकरवर लावला, तो आमच्याच घरी चोरून रेकॉर्ड केलेला. समोर माझे दीर, सासूबाई, मुलीच्या कॉलेजच्या मैत्रिणी. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. कविता चालते, कारण त्यात थोडी अतिशयोक्ती असते आणि ती सगळ्यांना कळते. खरा आवाज म्हणजे पुरावा झाला. आणि मला कोणी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मी त्यांना याहून भारी गोष्टी सांगितल्या असत्या, पण आवाज नको म्हटलं असतं.

(घोरते मीही. ते कोणी कवितेत घेत नाही, बरंय.)

पेठेतला

वहिनी, हे मला पटत न्हाई. मित्रानं खेचायचं म्हणजे खेचायचं. विचारून खेचली तर ती मुलाखत झाली की.

निवृत्त बाई

मला दोघांचंही थोडं पटतं. मी शेजारच्या वहिनींना विचारलं होतं. पण "हॉलात जा" ही ओळ त्यांच्याचकडून आली, म्हणूनच ती चांगली आहे. न विचारता मला ती सुचली नसती.

डफवाला

आम्ही पोवाडा केला होता. डफ, तुणतुणं, "जी जी रं जी". मित्र पक्का क्रिकेटवाला, आणि त्याची एक ठरलेली गोष्ट आहे. कुठेही बसला की निंबाळकरांवर येतो. आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध 443 केल्या आणि मग डाव घोषित झाला, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांनी हुकला. आम्ही पोवाड्यात तेच घातलं. पण तेवीस कडवी झाली. दहाव्यापासून लोक जेवायला उठले, आणि ज्याच्यासाठी केलं तो मटणाच्या रांगेत.

कट्ट्यावरचा

भावा, डाव घोषित नव्हता झाला. काठियावाडनंच पुढे खेळायला नकार दिला, सामनाच सोडला. महाराष्ट्राच्या तेव्हा 4 बाद 826 होत्या. आणि मर्दा, तुझा विनोद त्यातच होता की! तुझ्या मित्राची ती गोष्ट सुरू झाली की समोरचा काठियावाडसारखा पॅड काढून घरी जातो. एका कडव्याचं काम होतं, तेवीस कशाला?

डफवाला

अरे देवा. हे गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?

आहेरात साडी

कट्ट्यावरचे, तुमचा कार्यक्रम शेवटी कसा झाला ते राहिलंच.

कट्ट्यावरचा

सांगतो. 20 जून 2025, शुक्रवार. बाहेर पाऊस, आणि नेमका त्याच दिवशी लीड्सला इंग्लंडशी पहिला कसोटी सामना सुरू. याला ते वाढदिवस ठरवताना कसं कळलं नाही, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत, कळलं होतं. टेबलाखाली मोबाइल धरून बसला होता.

मी पाच कडवी केली होती. आठ करणार होतो, बायकोनं पाचावर थांबवलं. अक्षतांच्या जागी चुरमुरे वाटले होते. आधी भडंग ठरलं होतं, पण तेलाचे डाग साड्यांवर पडले असते. क्रिकेटची कडवी आधी, घोरण्याची नंतर, कारण क्रिकेटवर तो स्वतः हसतो आणि एकदा हसला की पुढचं सोसतो. दुसऱ्या कडव्याला त्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. मग कळलं की तिकडे गिलचं शतक झालं होतं.

तरी चौथ्या कडव्याला, घोरण्याच्या, मोबाइल खिशात गेला. "सावधान" वर त्याच्या आईनं सगळ्यांत आधी चुरमुरे मारले, थेट कपाळावर.

रात्रपाळी काका, तुमचं वाचून काल त्याला फोन केला. सगळं सांगितलं, तिन्ही खुणा विचारल्या. वहिनी मागून म्हणाल्या, "तिन्ही आहेत." हा म्हणतो, "ही सिरीज संपू दे, मग बघू."