वीरगळाचा ‘पहिला कप्पा’ वरचा की खालचा? आणि तो वीरगळ की ती?

पाटीपेन्सिल:
एका शेताच्या बांधाला लागून कोरीव दगड उभा आहे. त्याचे फोटो आणि सोबत वर्णनाचं पत्र इथल्या इतिहास मंडळाला द्यायचं आहे. मसुद्यातलं हे वाक्य मंडळातल्या एका जाणकारांनी लाल रेघ मारून परत पाठवलं:

‘शेतात सापडलेली वीरगळ तीन कप्प्यांची आहे. पहिल्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा, दुसऱ्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा, तिसऱ्यात लढाई.’

त्यांचं म्हणणं, वीरगळ पुल्लिंगी आहे आणि पहिला कप्पा म्हणजे सगळ्यात खालचा, त्यामुळे माझं वर्णन उलटं झालंय. शिवाय कप्पे कपाटाला असतात, दगडाला नाही. आमच्याकडे सगळे ‘ती वीरगळ’च म्हणतात. तर बरोबर काय, आणि कप्प्याला दुसरा शब्द कोणता?

अक्षरवेध:
‘कप्पा’ वाईट नाही, पण ‘चौकट’ जास्त नेमका वाटतो, कारण दोन प्रसंगांच्या मधे आडवी पट्टी कोरून खरोखरच चौकट केलेली असते. ‘थर’ मात्र नको. थर म्हटलं की दगडाचे किंवा मातीचे थर डोळ्यांसमोर येतात, आणि शेतातल्या दगडाबद्दलच्या पत्रात घोटाळा नक्की होणार.

क्रमाबद्दल तुमच्या जाणकारांचं बरोबर आहे. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि मरण, मधे अप्सरा वीराला घेऊन निघाल्या आहेत, वर तो लिंगाची पूजा करतोय, माथ्यावर कलश आणि बाजूंना चंद्र-सूर्य. गोष्ट खालून सुरू होते, म्हणून पहिली चौकट खालची.

शुद्धमराठी:
मुळात ‘वीरगळ’ कशाला? तो कानडी शब्द. ‘स्मृतिशिळा’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. आणि फोटो नव्हे, छायाचित्रे. मंडळाला द्यायचं पत्र आहे, ते शुद्ध मराठीत असावं.

मोडीवाचक:
स्मृतिशिळा लिहिली तर माहिती कमी होते. सतीचा दगडही स्मृतिशिळाच. मंडळातला माणूस पत्राची पहिली ओळ वाचून ठरवतो की आपल्या नोंदवहीच्या कुठल्या रकान्यात हे टाकायचं. तिथे ‘वीरगळ’ हाच शब्द कामाचा. कानडीतून आला म्हणून तो मराठी नाही असं म्हणायला लागलो तर अडकित्ताही सोडावा लागेल.

कृष्णाकाठ:
वीरगळ शब्दाची फोड सोपी आहे. वीराने गळा दिला, म्हणजे मान कापून घेतली, त्याचा दगड तो वीरगळ. आत्मबलिदानाचे दगड असतातच, त्यात वीर स्वतःचं मस्तक देताना दाखवलेला असतो.

मोडीवाचक:
तसे दगड असतात हे खरं, पण शब्द त्यावरून आलेला नाही. कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात दुसऱ्या पदाच्या सुरुवातीच्या क चा ग होतो. मळे म्हणजे पाऊस, काल म्हणजे काळ, आणि पावसाळा म्हणजे ‘मळेगाल’. तसंच वीर + कल्लु = वीरगल्लु. तमिळमध्ये अशाच दगडाला ‘नडुकल्’ म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. तिथे गळ्याचा काही संबंधच नाही.

अक्षरवेध:
यात एक गाठ उरते. मराठीत एकट्या ल चा ळ होतो, फल-फळ, काल-काळ. जोड ल्ल चा होत नाही, भल्ल-भाला. मग ‘कल्लु’मधून ‘गळ’ कसा?

मोडीवाचक:
जुन्या कानडीत ‘कल्’ असं एकेरी रूप आहे, शेवटचा उ आणि त्यासाठी आलेलं द्वित्व नंतरचं. मराठीने शब्द त्या जुन्या रूपावरून उचलला असला तर ल चा ळ सरळ बसतो. माझा कल इकडे आहे, पण हे सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही.

पाटीपेन्सिल:
ही माहिती फार चांगली आहे, पण माझं पत्र रविवारी द्यायचंय. तो की ती?

गोदातीर:
दोन्ही रूढ आहेत. लिहिताना बहुतेक जण पुल्लिंगी करतात, मनात ‘दगड’ असतो म्हणून. ज्यांच्या मनात ‘शिळा’ असते ते ‘ती’ म्हणतात. फरक अनेकवचनात पडतो: पुल्लिंगी घेतलंत तर ‘पाच वीरगळ’, ‘वीरगळावर’, स्त्रीलिंगी घेतलंत तर ‘पाच वीरगळी’, ‘वीरगळीवर’. एका पत्रात एकच धरा. ‘ती वीरगळ’ आणि चार ओळींनी ‘वीरगळाच्या मागे’ असं झालं तर वाचणाऱ्याला वाटतं की दोन वेगळ्या दगडांबद्दल चाललंय.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. खालच्या चौकटीत लढणाऱ्यांचे पाय दिसतात का?

पाटीपेन्सिल:
नाही. गुडघ्यापर्यंतच दिसतात, पुढे माती आहे. शेत नांगरून नांगरून बांधाची माती दगडाभोवती चढली आहे.

गोदातीर:
मग ‘तीन कप्प्यांची’ हे वाक्यच काढा. तुम्हाला तीन दिसतात एवढंच खरं आहे. गुडघ्यांखाली अजून पावलं आहेत, त्याखाली पट्टी असेल, आणि त्याखाली आणखी एक चौकट असू शकते. पुष्कळ वीरगळांवर लढाईच्या खाली आडवा पडलेला वीर असतो, कुठे गाई असतात. गाई असल्या तर लढाई गोधन सोडवण्यासाठी झाली असा अर्थ निघतो, म्हणजे अख्खा वीरगळ कशाचा हे त्या पुरलेल्या चौकटीवर ठरतं.

म्हणूनच ‘पहिली चौकट खालची’ हा नियम इथे धोक्याचा आहे. आज तुम्ही लढाईला पहिली म्हणालात आणि उद्या माती काढल्यावर खाली एक निघाली, की सगळे आकडे सरकतात आणि जुनं पत्र चुकीचं ठरतं.

अक्षरवेध:
त्या न्यायाने वरून मोजावं. पण माथा फुटलेला असला तर तिथेही तीच अडचण. आणि गोष्ट खालून वर जाते हे कसं विसरायचं? ज्यांनी शेकडो वीरगळ नोंदवलेत ते खालूनच मोजतात.

गोदातीर:
दगड पूर्ण उघडा असेल तर खालूनच मोजावं, मान्य. इथे तो पूर्ण उघडा नाही. मी असं लिहीन:

‘बांधालगत उभा असलेला वीरगळ. जमिनीच्या वर उंची 112 सेंमी, रुंदी 46 सेंमी, जाडी 20 सेंमी. खालचा भाग मातीत आहे. जमिनीवर तीन चौकटी दिसतात. त्यांपैकी सर्वांत खालचीत दोन योद्धे समोरासमोर, गुडघ्यांखालचा भाग मातीत. मधल्या चौकटीत मध्यभागी वीर, दोन्ही बाजूंना एकेक अप्सरा. सर्वांत वरचीत शिवलिंग, बघणाऱ्याच्या डावीकडे बसलेला वीर, उजवीकडे उभी व्यक्ती. माथ्यावर कलश. लेख दिसत नाही.’

आकडे अर्थात तुमचे घाला, टेपने मोजून. ‘पहिली-दुसरी’ कुठेही नाही, म्हणून उद्या काहीही निघालं तरी हे वर्णन खोटं पडत नाही. ‘लेख नाही’ असं लिहू नका, ‘लेख दिसत नाही’ लिहा. मातीत गेलेल्या पट्टीवर तो असू शकतो.

मोडीवाचक:
यात ‘बघणाऱ्याच्या डावीकडे’ हे फार महत्त्वाचं आहे. डावं-उजवं लिहिताना जागेसाठी बघणाऱ्याची बाजू धरायची आणि हातासाठी कोरलेल्या माणसाची. ‘डाव्या हातात ढाल’ म्हणजे त्या योद्ध्याचा डावा हात. दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की पत्र वाचून चित्र डोळ्यांसमोर येत नाही. फोटो पाठवताना ते आरशातल्यासारखे उलटलेले नाहीत ना तेही तपासा. दोन्ही योद्ध्यांच्या ढाली उजव्या हातात दिसायला लागल्या तर आधी फोटोवर शंका घ्यायची.

नांगरट:
आमच्या बांधावरच्या दगडावर नुसता कोपरात वाकलेला हात आहे, त्यात बांगड्या भरलेल्या. वर चंद्र-सूर्य आहेत. लढाई कुठेच नाही. हा पण वीरगळच ना? आणि शेंदूर काढायला काय वापरावं?

गोदातीर:
तो सतीचा दगड. बांगड्या भरलेला, कोपरात वाकवून वर केलेला हात ही त्याची खूण. शेंदूर काढू नका. खरवडताना कोरीवकामही जातं, आणि ज्यांनी लावलाय त्यांचा तो देव आहे. फोटो शेंदरासकट काढा आणि तसं लिहा.

शुद्धमराठी:
‘बघणाऱ्याच्या डावीकडे’पेक्षा ‘प्रेक्षकाच्या वामभागी’ म्हणता येईल.

अक्षरवेध:
येईल, पण वाचणारा थांबेल. आणि ‘वामभागी’ म्हटलं की देवाच्या डाव्या बाजूची देवी आठवते, म्हणजे नेमकी मूर्तीची बाजू. ज्या गोंधळातून आपण सुटायला बघतोय तोच परत आला.

पाटीपेन्सिल:
फोटोंबद्दलही सांगा. मधली चौकट नुसती राखाडी दिसते, अप्सरांचे हात ओळखूच येत नाहीत. एकाने कोरीव रेषांत खडू भरायला सांगितलं आहे.

मोडीवाचक:
खडू, पीठ, तेल यातलं काहीही लावू नका. खडू भरणारा त्याला जी रेषा दिसली तीच ठळक करतो, मग फोटोत दगड दिसत नाही, भरणाऱ्याचा अंदाज दिसतो. हवं ते तिरपं ऊन. दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर ऊन समोरून सरळ पडतं तेव्हा सगळं सपाट दिसतं, आणि थोड्या वेळाने ते कडेने घासून जायला लागलं की प्रत्येक बोट उठून दिसतं. तोंड उत्तरेला असेल तर ऊन मिळण्याची वाट बघत बसू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या एका बाजूला, जवळजवळ दगडाला टेकवून धरा आणि फोटो काढा. मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही फोटो पाठवा, कारण एका बाजूच्या उजेडात जी रेषा दिसते ती दुसऱ्यात बुडते.

कॅमेरा चौकटीच्या उंचीवर हवा. उभं राहून काढलं की दगड खाली निमुळता दिसतो आणि खालची चौकट लहान वाटते. एका फोटोत तरी शेजारी मोजपट्टी ठेवा. मागची आणि दोन्ही कडांचीही छायाचित्रं हवीत, कोरीव काही नसलं तरी. कडेवर लेख असल्याची उदाहरणं आहेत.

कृष्णाकाठ:
माती थोडी बाजूला केली तर चौथी चौकट आहे की नाही ते लगेच कळेल. दोन फावडी माती.

गोदातीर:
करू नका. दगड किती खोल रोवलाय ते माहीत नाही. एका बाजूची माती काढली की तो कलतो. आणि तो मूळ जागेवर आहे की बांधावर नंतर आणून उभा केलाय हे त्याच मातीवरून कळण्याची शक्यता असते. मंडळाला पत्रात विचारा, त्यांना बघू द्या.

यावरून तुमच्या वाक्यातला ‘सापडलेली’ हा शब्दही बदला. सापडला म्हणजे नांगराच्या फाळाला लागून वर आला, की पिढ्यान्‌पिढ्या उभाच होता आणि तुमचं लक्ष आता गेलं? शेतमालकाला विचारून जे असेल ते लिहा: ‘नांगरताना वर आला’, ‘विहिरीच्या खोदाईत निघाला’, ‘पूर्वीपासून बांधावर उभा आहे’. यातल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा होतो.

पाटीपेन्सिल:
मालक म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या वेळीही तिथेच होता. ‘पूर्वीपासून उभी’ असं करते. आणि ‘यादवकालीन’ लिहिलं होतं, ते?

मोडीवाचक:
कशावरून? लेख नसेल तर नुसत्या शैलीवरून काळ सांगणं अवघड, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतोच. ते मंडळावर सोडा.

नांगरट:
मग गधेगाळ म्हणतात त्यातला ‘गाळ’ पण दगडच का?

अक्षरवेध:
मला तो ‘शिवीगाळ’मधला गाळ वाटतो. त्या दगडावर दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेली असते, खाली तिचं चित्र असतं. म्हणून ‘ती गधेगाळ’.

मोडीवाचक:
‘गधेगळ’ असंही लिहिलेलं दिसतं, तेव्हा दगडाचा ‘गळ’ अगदीच बाद करता येत नाही. ‘ती गधेगाळ’च्या ओढीने लोक ‘ती वीरगळ’ म्हणायला लागले असतील का, हेही बघायला हवं.

अक्षरवेध:
उलटंही झालं असेल. वीरगळच्या ओढीने ‘गाळ’चा ‘गळ’.

पाटीपेन्सिल:
मी ‘ती’च ठेवते. चौकटी गोदातीर यांच्यासारख्याच लिहिल्या, मोजमापं उद्या सकाळी घेणार. ‘चौकट’ की ‘कप्पा’ यावर जाणकार काय म्हणतात ते कळवेन.