‘मेंदूज्वर’, ‘पाठीतलं पाणी’ आणि ‘एम्पिरिकल’: मराठीत काय लिहावं?

अपर्णा: रुग्णाच्या नातेवाइकांना हातात द्यायचं एक पान मराठीत करतेय. विषय मेनिंजायटिस. तीन ठिकाणी अडलेय. एक, मेनिंजायटिसला ‘मेंदूज्वर’ चालेल का? दोन, पाठीतून काढतात त्या तपासणीच्या द्रवाला काय म्हणू? तीन, ‘एम्पिरिकल’ उपचार, म्हणजे जंतू कुठला ते कळायच्या आधीच सुरू केलेले. मी आधी ‘अंदाजे उपचार’ लिहिलं होतं. आमच्या शेजारच्या काकू वाचून म्हणाल्या, “अंदाजपंचे दाहोदरसे औषध देणार होय?”

शिरीष: मेंदूज्वर नको. पेपरात ‘जपानी मेंदूज्वर’ येतं ते एन्सेफलायटिससाठी, म्हणजे खुद्द मेंदूच्या सुजेसाठी. मेनिंजायटिसमध्ये सूज मेंदूवरच्या आवरणांना येते. म्हणून ‘मस्तिष्कावरणदाह’. सरळ आहे.

रानवारा: सरळ आहे, पण उच्चारताना जीभ सुजते. आमच्याकडे ‘ताप डोक्यात गेला’ म्हणतात. माझ्या मते तेच लिहावं.

डॉ. मेधा: ‘ताप डोक्यात गेला’ नका लिहू. लोकांना वाटतं, ताप उतरवला की काम झालं. मग पॅरासिटामॉल देऊन, ओल्या पट्ट्या ठेवून रात्र काढतात. मी सरळ ‘मेनिंजायटिस’ लिहीन आणि पहिल्याच वाक्यात ‘मेंदूच्या आवरणांना झालेला संसर्ग’ एवढं सांगेन. वॉर्डात नातेवाईक हाच शब्द दिवसाला दहादा ऐकतात.

द्रवाबद्दल: आम्ही सगळेच ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो. तेच ठेवा. ‘मेंदू-मेरुद्रव’ म्हटलं की संमतीच्या कागदावर सही करणारा माणूस आणखी घाबरतो.

भाऊसाहेब: पाठीतून पाणी काढू देऊ नका कोणी. माझ्या वहिनीचं सिझेरियन झालं तेव्हा पाठीत सुई दिली, पंधरा वर्षं झाली, कंबर अजून धरते.

डॉ. मेधा: भाऊसाहेब, ती भुलीची सुई, प्रश्न वेगळा आहे. पण ही भीती सगळ्यांनाच असते म्हणून सांगते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते. काही मिलिलिटर पाणी घेतात. शरीर दिवसाला साधारण अर्धा लिटर नवं तयार करतं. नंतर एकदोन दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं.

शिरीष: पाण्याचा रंग बघूनच कळतं ना? गढूळ आलं तर बॅक्टेरियल, स्वच्छ आलं तर व्हायरल. अपर्णा, हे पानात घाल, लोकांना सोपं जाईल.

डॉ. मेधा: निम्मं बरोबर. गढूळ म्हणजे बहुधा बॅक्टेरियल. पण पाणी डोळ्याला गढूळ दिसायला एका घन मिलिमीटरमध्ये दोनशेच्या आसपास पांढऱ्या पेशी लागतात. निरोगी माणसात पाचाच्या आत असतात. म्हणजे पन्नास पेशी असलेलं पाणीही नळाच्या पाण्यासारखं दिसणार. टीबीच्या मेनिंजायटिसमध्येही ते बऱ्याचदा स्वच्छच दिसतं. ‘स्वच्छ म्हणजे व्हायरल’ हे वाक्य छापू नका, हात जोडते.

अपर्णा: मग रिपोर्टमधल्या कशावरून ठरतं? आणि ‘शुगर’ला साखर लिहू ना?

डॉ. मेधा: ‘साखर’ लिहा, पण ‘पाठीतल्या पाण्यातली साखर’ असं पूर्ण लिहा. एकदा मी बाहेर येऊन “साखर कमी आलीय” म्हटलं आणि वळून बघते तो मुलगा आईला चमच्याने ग्लुकोज पाजतोय. पेशंट अर्धवट शुद्धीत! श्वासनलिकेत गेलं असतं.

एक केस सांगते, ओळख पुसून. साठीच्या, मधुमेही बाई. दोन दिवस ताप, उलट्या, संध्याकाळपासून बरळायला लागल्या. मान पुढे वाकेना. पाण्यात पेशी १४००, त्यातल्या बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्रोटीन २४०, एरवी ४५ च्या आत असतं. साखर ७६. लॅबच्या कागदावर ७६ समोर ‘नॉर्मल’ छापलेलं. ड्युटीवरचा मुलगा तिथेच अडकला. पण त्याच वेळी रक्तातली साखर २८० होती. पाण्यातली साखर रक्ताच्या साधारण दोन तृतीयांश हवी, म्हणजे १८५ च्या घरात. इथे पाव भागाच्या जरा वर. चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की आम्ही बॅक्टेरियलकडेच झुकतो. व्हायरल असतं तर पेशी बहुधा दहा ते काहीशे, त्याही लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या, साखर जागच्या जागी आणि प्रोटीन थोडंसंच वर.

अर्थात पहिल्या दिवशी व्हायरलमध्येही न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात. म्हणून एका आकड्यावर कुणी पैज लावत नाही.

कावेरी: माझ्या भाच्याचं व्हायरल निघालं. पण पाणी काढायच्या आधीच अँटिबायोटिक चालू केलेलं, तीन दिवसांनी बंद केलं. आम्ही तेव्हा भांडलो होतो की उगाच दिलं.

शिरीष: आणि आधी औषध दिलं की पाण्यात काहीच सापडत नाही. म्हणजे तपासणी वाया.

डॉ. मेधा: कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, वाया जाऊ शकतं. मेनिंगोकोकस हा जंतू तर एकदोन तासांतच उगवेनासा होतो, न्यूमोकोकसला थोडा जास्त वेळ लागतो. पण पेशी, प्रोटीन आणि साखर एका डोसने लगेच सुधारत नाहीत. म्हणून क्रम असा: आधी रक्ताचं कल्चर, लगेच पाणी काढता आलं तर पाणी, आणि इंजेक्शन. झटके आले असतील, शुद्ध हरपत असेल किंवा एक बाजू लुळी असेल तर आधी डोक्याचा सीटी लागतो. त्या वेळी सीटीची वाट न बघता इंजेक्शन द्यायचं.

त्या बाईंना तसंच दिलं: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, व्हँकोमायसिन, आणि वय पन्नाशीच्या वर म्हणून लिस्टेरिया या जंतूसाठी अँपिसिलिन. पहिल्या डोसबरोबरच डेक्सामेथासोन, कारण जंतू फुटताना जी सूज भडकते तिने कान जातात. पाणी निघालं दोन तासांनी. पाण्याच्या कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये तिसऱ्या दिवशी न्यूमोकोकस आला. तिसऱ्या दिवसाची वाट बघितली असती तर सांगायला बाई उरल्या नसत्या.

कावेरीताई, तुमच्या भाच्याला तीन दिवसांची इंजेक्शनं जास्तीची पडली. उलटी चूक झाली असती तर ती भरून निघत नाही.

रानवारा: मग ‘एम्पिरिकल’ म्हणजे अंदाज नाहीच. वय, लक्षणं आणि कुठले जंतू संभवतात हे बघून दिलेलं. ‘संभाव्य जंतूंवरचे उपचार’?

शिरीष: ‘अनुभवाधिष्ठित उपचार’. मूळ अर्थाला धरून.

अपर्णा: काकूंना विचारलं. ‘अनुभवाधिष्ठित’ला त्या म्हणाल्या, “डॉक्टर नवीन आहे का?” ‘निकालाआधीचे उपचार’ त्यांना लगेच कळलं.

डॉ. मेधा: ‘निकालाआधीचे’ मला आवडलं. फक्त निकाल आल्यावर औषध बदलू किंवा थांबू शकतं, हे त्यात येत नाही.

भाऊसाहेब: ‘तात्पुरते’ म्हणा.

रानवारा: तात्पुरतं म्हटलं की लोक दुसऱ्या दिवशी घरी न्यायला बघतात, भाऊसाहेब.

अपर्णा: सध्या ‘निकालाआधीचे उपचार’ टाकतेय, खाली एक ओळ ‘निकाल आल्यावर डॉक्टर औषध बदलतील किंवा थांबवतील’. ‘पाठीतलं पाणी’ पक्कं. ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ मात्र काकू अजून एकच समजताहेत.