मदत हवी आहे: अल्बममधल्या फोटोतून टँकर आणि एक पाहुणा काढायचाय, फोटोग्राफरला पत्र कसं लिहू?

परभणीची_ताई: बहिणीचं लग्न गावात, दारातच मांडव घालून झालं. अल्बमचं प्रूफ आलंय, छपाई बाकी आहे. DSC_2147 मध्ये नवरा-नवरीच्या मागं पाण्याचा टँकर उभा, त्याचा नळ नेमका मुंडावळ्यांतून डोकावतोय. DSC_2210 मध्ये घरच्यांच्या ग्रुपच्या टोकाला एक टोपीवाले गृहस्थ मामाच्या खांद्यावर हात टाकून उभे. आम्ही कुणीच ओळखत नाही. एवढं लिहिलंय:

"दादा, नमस्कार. फोटो छान आलेत. फक्त मागची गाडी आणि तो माणूस काढून द्या."

पुरे का?

मोंढा_नाका: क्रॉप करायला सांगा की. दोन मिनिटाचं काम.

स्टुडिओवाला: क्रॉपनं माणूस जाईल, त्याचा हात मामांच्या खांद्यावरच राहील. ताई, ग्रुपचे आम्ही एकाच जागेवरून चार-पाच क्लिक मारतो, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. त्यातल्या एखाद्यात तो माणूस यायचा असेल, तर मामांचा मोकळा खांदा तिथून उचलून बसवता येतो. तेवढं पत्रात नक्की विचारा.

टँकरचं काम किचकट. केसांच्या बटा आणि मुंडावळ्यांच्या मोत्यांमधून तो दिसतो, तिथं घाई केली की डोक्याभोवती पांढरट कड उरते. कधी गाडी जाते आणि जमिनीवरची सावली तशीच राहते. गाडीच्या जागी काय हवं तेही लिहा, नाहीतर आमचा पोरगा कुठली तरी बाग चिकटवतो. आणि व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो दुरुस्तीला परत पाठवू नका, तो बारीक झालेला असतो. नंबर कळवा, काम मूळ फाइलवर होऊ द्या.

बीडची_सून: माझ्या लग्नाच्या छापील फोटोत जीप आलीय, ती निघंल का?

स्टुडिओवाला: स्कॅन करून निघंल, पण मागचा फोटो नसल्यानं सगळं हातानं भरावं लागंल. वेगळा धागा काढा.

परभणीची_ताई: आता असं लिहिलं:

"दादा, नमस्कार. छपाईआधी दोन फोटो दुरुस्त करावेत ही विनंती. DSC_2147 मधला टँकर आणि त्याची सावली काढून मागं मांडवाचं कापड पुढं न्यावं, केस आणि मुंडावळ्यांच्या कडा जपाव्यात. DSC_2210 मधले उजव्या टोकाचे टोपीवाले गृहस्थ काढावेत. त्याच्या आधीचा-नंतरचा फोटो असल्यास मामांचा खांदा त्यातून घ्यावा. दोन्ही फोटो मोठे करून बघायला पाठवावेत, आमचा होकार आल्यावरच छापावेत. वेगळे पैसे लागत असतील तर आधी सांगावं."

मोंढा_नाका: पैसे कशाचे? टँकर बघून फोटो काढायला नको का!

स्टुडिओवाला: मुहूर्ताच्या वेळी टँकर हलवायला कोण ऐकतंय? प्रत्येकाचा हिशोब वेगळा, ठरवताना बोलायचं असतं.

वाटसरू: गृहस्थ नवरदेवाकडचे नाहीत ना? आधी विचारा, नाहीतर व्याह्यांचाच माणूस पुसाल.

परभणीची_ताई: व्याह्यांचे नाहीत. मामालाच विचारलं तर हसायला लागला. टँकरचा ड्रायव्हर आहे म्हणे, ऐन मे महिन्यात तीन खेपा टाकल्या म्हणून मामानंच त्याला फोटोत ओढलं. मामा म्हणतो राहू दे, आई म्हणते काढ. पत्रातलं ते वाक्य सध्या खोडलंय. टँकर मात्र जाणारच.